बातम्यांच्या कोपऱ्यातले हात

मंडळी, १६ एप्रिल २०२४ चा तो मंगळवार आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नसेल. अमिरातीत १९४९ पासून पावसाच्या नोंदी ठेवल्या जातात आणि त्या सगळ्या नोंदींत इतका पाऊस कधी पडला नव्हता. अल ऐनजवळच्या खत्म अल शकलाला चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. इकडे जबल अलीत आमच्या बिल्डिंगखालचा रस्ता दुपारपर्यंत ओढा झाला होता. नेमकी तेव्हाच माझी आतेबहीण पुण्याहून आमच्याकडे महिनाभर राहायला आली होती. ताई जन्मापासून कर्णबधिर आहे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लहानपणी सुट्टीत एकत्र वाढल्यामुळे मला तिच्या भाषेतल्या शे-दीडशे खुणा येतात, आणि तेवढ्यावर मला आपल्याला ती भाषा येते असा भ्रम होता. तो त्या दिवशी गेला.

झालं असं की, मोबाईलवर सरकारी सूचना आली. फार गरज असल्याशिवाय घराबाहेर पडू नका, असा तिचा मतलब होता. मी ताईसमोर उभा राहून शब्दाला शब्द लावत निघालो. ‘गरज’ केलं, ‘घर’ केलं, ‘बाहेर’ केलं, ‘जा’ केलं, आणि शेवटचा नकार करणार तोच ऑफिसचा फोन वाजला. मी फोन घ्यायला वळलो. पाच मिनिटांनी बघतो तर बाईसाहेब पायात चपला घालून, खांद्याला पर्स लावून दारात उभ्या. ‘गरज आहे, घराबाहेर जायचंय’ एवढंच तिला माझ्याकडून पोचलं होतं! बिल्डिंग रिकामी करतायत असं तिला वाटलं.

आम्ही खूप हसलो. पण नंतर ताईने मला समोर बसवलं आणि हेच वाक्य ती कसं सांगेल ते करून दाखवलं. आधी पाऊस, आणि तो चालूच आहे हे हात पुन्हा पुन्हा खाली आणून. मग रस्ता. मग रस्त्यावर पाणी, आणि ते किती, हे स्वतःच्या गुडघ्याच्या वर हात धरून. मग एक तळहात आडवा धरून ती गाडी झाली. गाडी पाण्यात शिरली, हळू झाली, थांबली, आणि तिचा चेहरा वैतागलेला. मग ‘घर, बसा’. त्यानंतर भुवया वर करून ‘काम, खूप महत्त्वाचं?’ आणि क्षणभर थांबून ‘जा’. पुन्हा भुवया वर, ‘महत्त्वाचं नाही?’ आणि मान ठामपणे हलवून ‘जाणं नाही’. माझ्या पाच शब्दांच्या जागी तिने अर्धा मिनिट घेतला, पण त्यात शंकेला जागा राहिली नाही.

तिथून आमचं बोलणं टीव्हीच्या कोपऱ्यात खुणा करणाऱ्या दुभाष्यांवर आलं आणि पुढचे दोन आठवडे त्याच विषयावर चाललं. काही बोलणं खुणांनी, पण जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर, एकाच सोफ्यावर बसून. ताई मराठी छान लिहिते. या लेखातलं बरंचसं तिने डोक्यात भरलेलं आहे, बाकीचं मी नंतर वाचून काढलं.

तुमच्यापैकी चाळिशीच्या आगेमागे असलेल्यांना रविवार दुपारचं दूरदर्शन आठवत असेल. प्रादेशिक चित्रपटाची वाट बघत बसायचं आणि त्याच्या आधी त्या शांत बातम्या लागायच्या. निवेदिका सावकाश वाचायच्या आणि खुणा करणाऱ्या बाई समोर बघत हात हलवायच्या. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. आज त्याची लाज वाटते. हे बातमीपत्र १९८७ साली सुरू झालं. त्याआधी आपल्या देशात टीव्हीवरून कर्णबधिरांना त्यांच्या भाषेत बातम्या देण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते पाऊल मोठंच होतं.

मी ताईला विचारलं, ‘तुला तेव्हा सगळं समजायचं?’ तिचं उत्तर होतं, ‘नावं समजायची. गोष्ट समजायची नाही.’ पंतप्रधान, परदेश, करार, पूर, मृत्यू अशा सुट्या खुणा कळायच्या, पण कोणी कोणाशी काय केलं हे जुळवता जुळवता पुढची बातमी यायची. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी तर फोटो बघून अंदाज बांधायच्या.

असं का व्हायचं, त्याचं कारण शंभर वर्षं मागे आहे. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाली. आपल्या देशातल्या अशा पहिल्या शाळांपैकी ती एक. पण त्याच दशकाच्या सुरुवातीला, १८८० मध्ये, इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली आणि तिथे ठराव झाला की मुलांना तोंडाने बोलायला आणि ओठ वाचायला शिकवावं, खुणा वापरू नयेत. जगभरच्या शाळांनी तो वसा घेतला, आपल्याकडच्याही. वर्गात हात हलवला की छडी. ताईच्या शाळेतही, म्हणजे अगदी १९८० च्या दशकातही, खुणा मधल्या सुट्टीत आणि स्वच्छतागृहाच्या मागे चालायच्या. म्हणजे भाषा जिवंत होती, पण तिला शाळा नव्हती, व्याकरणाचं पुस्तक नव्हतं, आणि दुभाषी घडवण्याचा अभ्यासक्रम तर नव्हताच.

ती एक भाषा आहे की गावोगावच्या वेगवेगळ्या खाणाखुणा, हेसुद्धा तपासायला १९७० चं दशक संपत यावं लागलं. मदन वशिष्ठ हे मूळचे हिमाचलचे, स्वतः कर्णबधिर, अमेरिकेत जाऊन शिकलेले. त्यांनी जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन या अमेरिकन अभ्यासकांबरोबर दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर इथल्या खुणा गोळा करून ताडून पाहिल्या. सुमारे ७५ टक्के खुणांचं एकमेकींशी नातं निघालं. त्यातून शहरवार पुस्तकं आली, आणि मुंबईच्या खुणांवरचं पुस्तक १९८६ चं. म्हणजे दूरदर्शनचं बातमीपत्र सुरू होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी! वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (ती १९८३ ची) सांकेतिक भाषेचे रीतसर वर्ग आणि दुभाष्यांचं प्रशिक्षण सुरू व्हायला २००१ उजाडलं. मग १९८७ साली कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याने करायचं काय? समोर आलेल्या हिंदी किंवा इंग्रजी वाक्यातले महत्त्वाचे शब्द उचलायचे आणि त्याच क्रमाने एकेका शब्दाची खूण करायची. थोडक्यात, मी त्या पावसाच्या दिवशी केलं तेच.

आता यात चूक काय, असं कोणीही विचारेल. चूक अशी की भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. काळ सुरुवातीला येतो. ‘काल’ एकदा सांगितलं की पुढचं सगळं काल घडलं असं धरायचं, क्रियापद बदलत नाही. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: ‘तुझं नाव काय’ म्हणजे ‘तू, नाव, काय’. नकारही शेवटी येतो, आपल्या मराठीतल्या ‘गेलो नाही’सारखा, आणि बरोबर मान हलते. या बाबतीत ती भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची म्हणता येईल. पण सर्वांत मोठा फरक म्हणजे तिच्यात जागा हे व्याकरण आहे. बातमी दोन देशांच्या भांडणाची असेल तर जाणकार दुभाषी एका देशाला आपल्या डावीकडे ‘ठेवतो’, दुसऱ्याला उजवीकडे. मग नुसता डावीकडून उजवीकडे हात गेला की कोणी कोणाला इशारा दिला हे बघणाऱ्याला कळतं, नावं पुन्हा घ्यावी लागत नाहीत. शब्दाला शब्द लावणारा हे करत नाही. त्याच्या सगळ्या खुणा छातीसमोर एकाच जागी होतात. ताई म्हणते, चांगला दुभाषी ओळखायचा तर हात बघू नकोस, तो जागा वाटून घेतो का ते बघ, आणि भुवया हलतात का ते बघ. प्रश्न, अट, नकार, ‘फार’ आणि ‘थोडं’ हे सगळं चेहऱ्यावर असतं. चेहरा कोरा असेल तर अर्धं वाक्य गेलंच.

इथे आमच्या चिरंजीवांनी शंका काढली, ‘पण आत्या, खाली अक्षरं दिली तर?’ ताईने त्याला सांगितलं की तिला चालेल, पण तिच्या शाळेतल्या निम्म्यांना चालणार नाही. जी भाषा कधी कानावर पडली नाही ती वाचून शिकायची म्हणजे काय, याचा विचार आपण कानवाले करत नाही. पुष्कळ कर्णबधिरांसाठी छापील मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा असते आणि भरभर सरकणारी ओळ त्यांना पेलत नाही. इंग्लंडमध्ये यावर खटलाच झाला. करोनाच्या काळात, २१ सप्टेंबर आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सरकारने आकडेवारीची दोन निवेदनं दूरचित्रवाणीवर केली आणि त्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता. केटी राउली या कर्णबधिर महिलेने सरकारला कोर्टात खेचलं. २०२१ मध्ये न्यायमूर्ती फोर्डहॅम यांनी त्या दोन दिवसांपुरता सरकारने कायदा मोडला असा निकाल दिला. पडद्यावर अक्षरं होती म्हणजे काम भागलं, हे त्यांना पटलं नाही.

आता आपल्या इथल्या टीव्हीकडे वळू. ताईने अरबी बातम्यांतला दुभाषी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पाच मिनिटं टक लावून बसली आणि मग खांदे उडवले. ‘माणूस चांगला वाटतो, भाषा माझी नाही.’ खुणांची भाषा जगभर एकच असते हा माझाही समज होता. पण ती जशी भारतात वेगळी, तशी अरब देशांतही वेगवेगळी आहे, आणि या गोष्टीने अरबी वाहिन्यांना चांगलाच धडा शिकवला आहे.

झालं असं. सगळ्या अरबांची लिखित भाषा एक, मग कर्णबधिरांचीही एक का नको, या विचाराने अरब लीगच्या छत्राखाली एकत्रित अरबी सांकेतिक भाषेचा कोश तयार झाला. २००० सालाच्या आसपास त्याचा पहिला भाग निघाला. वेगवेगळ्या देशांतून खुणा निवडल्या, जिथे नव्हत्या तिथे बनवल्या. दोह्याच्या अल जझीरासारख्या, सगळ्या अरब जगाला बातम्या देणाऱ्या वाहिनीला हे फारच सोयीचं होतं. एक दुभाषी, एक पेटी, बावीस देश! पण किनदा अल-फित्यानी आणि कॅरल पॅडन या संशोधक बाईंनी वेगवेगळ्या अरब देशांतल्या खुणांचे शब्दसंग्रह ताडून पाहिले. जॉर्डनच्या आणि शेजारच्या पॅलेस्टाईनच्या खुणांत सुमारे ५८ टक्के साम्य निघालं, जॉर्डन आणि कुवेतमध्ये सुमारे ४०, आणि जॉर्डन आणि लिबियात सुमारे ३४. आपल्या चार शहरांच्या ७५ शेजारी हे आकडे ठेवून बघा. मोजण्याची पद्धत तंतोतंत तीच नसेल, पण चित्र स्पष्ट आहे: ही एका भाषेची रूपं नाहीत, या वेगळ्या भाषा आहेत. कोशातली ‘एकत्रित’ खूण त्यामुळे कोणाचीच मातृभाषा नव्हती. दुभाषी मन लावून काम करायचे आणि घरोघरचे कर्णबधिर प्रेक्षक ‘हा काय म्हणतोय’ असं एकमेकांना विचारायचे. गोष्ट आपल्या १९८७ च्या बातम्यांसारखीच, फक्त चूक दुसऱ्या टोकाची. तिथे बोलीभाषेचा क्रम लादला, इथे समितीचे शब्द.

अमिरातीने पुढे वेगळी वाट धरली. अबू धाबीच्या झायद संस्थेने २०१८ मध्ये खास अमिराती खुणांचा कोश काढला, सुमारे ५,००० शब्दांचा. इथले कर्णबधिर जे आपापसात वापरतात ते टिपून. आपल्याकडेही दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने, जे २०१५ मध्ये स्थापन झालं, २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश आणला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० वर नेला. खुणांचे व्हिडिओ आहेत, कोणालाही बघता येतात. माझ्या शे-दीडशे खुणांतल्या निदान वीस चुकीच्या आहेत हे मला तिथेच कळलं.

बरं, भाषा योग्य, व्याकरण योग्य, तरी टीव्हीवरचं काम जमेलच असं नाही. कारण ते थेट चालू असतं. मला वाटायचं की निवेदकाच्या तोंडातून शब्द पडताच ज्याचे हात हलतात तो दुभाषी तरबेज. हात मागे पडले की बिचाऱ्याला जमत नाहीये. डेनिस कोकली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये नेमकं हेच मोजलं आणि निष्कर्ष उलटा निघाला. वक्त्याच्या दोनच सेकंद मागे राहणाऱ्या दुभाष्यांच्या चुका, चार सेकंद मागे राहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होत्या! आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात. डेटा थोडा साठू दिला नाही तर व्हिडिओ अडकतो. इथेही तसंच. दोन सेकंदांत हातात येतो तो वाक्याचा तुकडा, आणि तुकड्यावर उडी मारली की शब्दाला शब्द लावण्याशिवाय गत्यंतर नसतं. चार सेकंद थांबलं तर अर्थ पूर्ण होतो, मग तो नव्याने मांडता येतो. अर्थात जास्त थांबलं तर आधीचं डोक्यातून निसटतं, आणि आकडे आणि नावं तर पहिल्यांदा निसटतात. म्हणून मुरलेला दुभाषी आकडा आला की जवळ येतो आणि वाक्य आलं की मागे राहतो. हे ताण देणारं काम आहे. साधारण वीस मिनिटांनी माणूस बदलायची पद्धत त्यामुळेच पडली आहे. तासभर एकच दुभाषी दिसला तर शेवटच्या अर्ध्या तासावर फार विश्वास ठेवू नये.

याहून पुढची एक युक्ती मला फार आवडली. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इबोलाचा रुग्ण सापडला तेव्हा महापौरांच्या पत्रकार परिषदेत त्यांच्या शेजारी उभे होते जोनाथन लँबर्टन, आणि ते स्वतः कर्णबधिर आहेत. मग ते महापौरांचं बोलणं ऐकत कसे होते? समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला, ऐकू येणारा दुसरा दुभाषी होता. तो ऐकून खुणा करायचा, आणि लँबर्टन त्या बघून प्रेक्षकांसाठी नव्याने मांडायचे. एक पायरी वाढली, थोडा वेळही वाढला. पण पडद्यावर दिसणारी भाषा ज्याची जन्माची भाषा आहे त्याची होती. मधला दुभाषी अर्थ पोचवतो, शेवटचा तो सोपा आणि पक्का करतो. पावसाच्या दिवशी माझे पाच शब्द आणि ताईचा अर्धा मिनिट, यात जो फरक होता तोच हा. रेकॉर्ड केलेल्या बातम्यांत तर दुसरा माणूसही लागत नाही. कर्णबधिर निवेदक समोरच्या पडद्यावर सरकणारा मजकूर वाचतो आणि आपल्या भाषेत सांगतो.

आणि हे सगळं जमलं तरी दिसायला हवं ना! इथे ताईची खरी तक्रार आहे, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आम्ही टेप घेऊन बसलो. आमचा टीव्ही ४३ इंची, म्हणजे पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ उंच. समजा दुभाष्याची पेटी पडद्याच्या एक पंचमांश रुंदीची आहे. ऐकायला बरी वाटते. पण क्षेत्रफळ धरलं तर ती पडद्याचा पंचविसावा भाग होते, चार टक्के. पेटी १९ बाय ११ सेंटिमीटर, त्यात माणूस कमरेपासून वर, म्हणजे चेहरा जेमतेम अडीच सेंटिमीटर. आम्ही बसतो तीन मीटरवर. त्या अडीच सेंटिमीटरमध्ये भुवया वर गेल्या की नाही हे ओळखायचं! तेच मोबाईल आडवा धरून पाहिलं तर पेटी पावणेतीन सेंटिमीटर रुंद आणि चेहरा चार मिलिमीटर. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेचा दंडक असा आहे की दुभाषी पडद्याच्या एक षष्ठांशापेक्षा लहान नको. आमच्या टीव्हीवर ती पेटी ३९ बाय २२ सेंटिमीटर होते आणि चेहरा सुमारे पाच. बाकी काही न बदलता समजणं आणि न समजणं यांतला फरक इथे पडतो.

तीच गत बाकी गोष्टींची. कपडे त्वचेच्या रंगाहून वेगळे आणि एकरंगी हवेत, नाहीतर बोटं हरवतात. प्रकाश समोरून हवा, वरून पडला तर डोळ्यांखाली सावली येते. सेकंदाला पंचवीस चित्रं असली तर ठीक, पण इंटरनेटवर पाठवताना वाहिनीने ती दहा-बारावर आणली की भरभर जाणारी बोटं पुसट होतात. आपल्याला आवाज नीट येत असल्यामुळे हे कळतसुद्धा नाही. आणि बोटांनी अक्षरं करून नाव सांगायचं असतं तेव्हाच बोटं सर्वांत भरभर जातात.

या कामात फसवणूक किती सहज खपते याचा दाखला सगळ्या जगाने पाहिला आहे. १० डिसेंबर २०१३, जोहान्सबर्गचं एफएनबी स्टेडियम, नेल्सन मंडेलांची श्रद्धांजली सभा. ओबामांपासून एकेक नेते बोलत होते आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर थामसान्का यांट्यी नावाचा दुभाषी खुणा करत होता. ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना काही खटकलं नाही. तिथल्या कर्णबधिरांच्या संघटनेच्या लोकांनी मात्र लगेच सांगितलं की या हालचालींना काही अर्थच नाही. कशावरून? ताईने ती चित्रफीत दाखवल्यावर मला मिनिटभर दिलं आणि म्हणाली, आता तूच सांग. मला आता दिसलं. चेहरा अगदी स्थिर. त्याच चार-पाच हालचाली फिरून फिरून. जागा वाटलेली नाही, सगळं पोटासमोर. वक्ता नाव घेतो तेव्हा बोटांनी अक्षरं नाहीत. वक्ता थांबला तरी, आणि बदलला तरी, हातांची लय तीच.

ती सभा होती, कोणाचा जीव त्यावर टांगलेला नव्हता. पण सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ येत असताना मॅनाटी काउंटीच्या अधिकाऱ्यांनी घरं सोडण्याबद्दल पत्रकार परिषद घेतली आणि दुभाषी म्हणून आपल्याच एका कर्मचाऱ्याला उभं केलं. त्याला घरातल्या कर्णबधिर भावामुळे थोड्या खुणा येत होत्या. कर्णबधिर प्रेक्षकांना त्यातून ‘पिझ्झा’ आणि ‘राक्षस’ असे शब्द दिसले. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. घरातल्या कर्णबधिर भावंडामुळे थोड्या खुणा येणारा माणूस म्हणजे मीच की! माझी चूक चपलांवर निभावली कारण ताई दारात होती आणि मी तिला अडवू शकलो. टीव्हीवरून चुकीचं समजून दारात उभ्या राहिलेल्याला अडवायला कोणी नसतं.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने टीव्हीवर सांकेतिक भाषेची सोय करण्याची तरतूद केली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांसाठी त्याचे नियम काढले. बातम्यांच्या वाहिन्यांनी दिवसातून निदान एक बातमीपत्र असं द्यावं, अशी सुरुवात ठरली. दिवसातून एक म्हणजे काय, तर पूर आठच्या बातम्यांना येणार असेल तर ठीक!

ताई परत गेल्यावर मी तिला विचारलं, तुझ्याकडे आता कसं दिसतं. तिने तिच्या टीव्हीचा फोटो पाठवला. एका वाहिनीवर दुभाषी बाई, भाषा उत्तम, चेहरा बोलका, पेटीही बऱ्यापैकी मोठी. फक्त पडद्याच्या तळाशी धावणारी ताज्या बातम्यांची लाल पट्टी पेटीच्या वरून जात होती आणि बाईंचे हात कोपरापासून मनगटापर्यंत त्याखाली गडप. फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘पट्टी कोणी काढली तर सगळं समजेल. तू कॉम्प्युटरवाला ना, कोणाला सांगायचं ते शोध.’ त्या वाहिनीला मी तीन मेल पाठवले आहेत. पहिल्याचं उत्तर आलं, मेल मिळाल्याबद्दल धन्यवाद म्हणून.